कोरडा उपास

मालीशवाल्या मावशींचा हात मऊ, हे त्या भागातल्या कुठल्याही बाळंतिणीने सांगितलं असतं. वीस वर्षांत दोनअडीचशे बाळं त्या हातांखालून गेली होती. बाळाचं अंग कोरडं पडलंय की नुसतं उन्हानं तापलंय, हे मावशी बोट लावताच ओळखायच्या. रोज सकाळी सहापासून दुपारपर्यंत हात तेलात, त्यामुळे स्वतःची कातडी कधी फुटते हेच बाईला ठाऊक नव्हतं. शेजारणी विचारायच्या, मावशी हाताला लावता तरी काय? त्यावर मावशी म्हणायच्या, दुसऱ्यांची पोरं लावते. आणि स्वतःच हसायच्या.

हे हसणं त्यांच्या लेकीच्या बाळंतपणापर्यंतच टिकलं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर लेकीला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात तिला झटके आले. पोट फाडून मूल बाहेर काढलं. मुलगी होती, सव्वा किलोची. लेक इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर, घशात नळी, शुद्ध नाही. जावई लांब पल्ल्याची मालगाडी चालवायचा. तो आला, दोन दिवस सुन्न बसला, आणि खोकल्यानं बेजार झाल्यामुळे त्याला बाळाजवळ फिरकूच दिलं नाही. राहिल्या मावशी.

मोठ्या सिस्टरनं त्यांना काचेच्या खोलीत बसवून सगळं नीट समजावलं. इतक्या लहान जिवाला स्वतःची ऊब राखता येत नाही. यंत्रं कमी आहेत, आणि असती तरी माणसाच्या उघड्या छातीइतकी चांगली नाहीत. आईच्या जागी आजीनं रोज चारचार तास छातीशी धरायचं, कातडीला कातडी लावून. वजन वाढलं तर पोर वाचेल. मावशींनी मान डोलावली. दुसऱ्यांची पोरं धरण्यात जन्म गेला होता, आपलं धरायचं तर त्यात शिकायचं काय, असं त्यांना वाटलं.

पण बाईचा स्वभाव असा की नुसतं धरून भागत नव्हतं, देवाशी काहीतरी बोलून ठेवायलाच हवं. त्याच संध्याकाळी त्यांनी बोलून ठेवलं. पोर घरी जाईपर्यंत सूर्य आकाशात असताना अन्नपाणी नाही. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी वर घातलं की अंगाला तेलही नाही. आयुष्यात दुसरी चैन केलीच नव्हती, सोडायला दुसरं काय होतं त्यांच्याकडे? काम तर बंदच होतं. तेलाची बाटली फडताळात वर ठेवून दिली.

दिवस उन्हाळ्याचे, तेरा तास लांब. दिवस मावळला की मावशी व्हरांड्यात डबा उघडायच्या, कधी आठला, कधी दहाला, सिस्टर सोडेल तेव्हा. पाणी मात्र जपून प्यायच्या. नातेवाइकांसाठीचा संडास दोन जिने खाली, दाराला कडी नाही, रात्री एकटीनं कुठं जायचं? म्हणून झोपताना एक पेला आणि पहाटे एक लोटा घटाघटा, की झालं. तो लोटा तासाभरात निघून जायचा आणि मग दिवसभर घसा कोरडा. लघवीचा रंग गडद व्हायला लागला, डोकं जड राहायला लागलं. त्या म्हणायच्या, उपास म्हटला की सोसायचंच.

आणि हात धुणं. काचेच्या खोलीत शिरताना धुवायचे, पोरीला घेण्याआधी, नळीतून दूध देण्याआधी, लंगोट बदलल्यावर. दिवसातून पंधरा वेळा, कोपरापर्यंत. मावशींचा जुना समज की गरम पाण्यानं जास्त स्वच्छ होतं; त्या कढत पाणी घ्यायच्या, फेस भरपूर करायच्या आणि खरखरीत टॉवेलनं घासून पुसायच्या. आधी हातांवर पांढरी पूड दिसायला लागली. मग सांध्यांवर रेघा उमटल्या, रेघांच्या भेगा झाल्या. ओठ फुटले तेव्हा त्या जिभेनं ओले करत राहिल्या, ते आणखीच फुटले. छातीला इतकी खाज सुटली की झोपेत नखांनी ओरबाडायच्या. वीस वर्षं दुसऱ्यांची कातडी वाचणाऱ्या बाईला आपली वाचता येईना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पण पोर वाढत होती. पहिल्या आठवड्यात रोज दहा ग्रॅम, कधी पंधरा. छातीवर पडल्या पडल्या ती आपली मूठ मावशींच्या गळ्याखाली टेकवायची आणि तिचा श्वास एकसारखा व्हायचा. मावशींना वाटायचं, आपलं बोलणं वर पोचलंय. तेलापाण्याविना चाललंय म्हणूनच पोर वाढतेय.

दहाव्या दिवशी उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं. नखाच्या कडेला लाल सूज, ठणका, आणि दुसऱ्या दिवशी आत पिवळा थेंब. मावशींना त्याचा अर्थ कळत होता. दुसऱ्या कुठल्या मालीशवालीचा असा अंगठा पाहिला असता तर त्यांनी तिला बाळाच्या खोलीच्या दारातच उभी केली असती, वर चार शब्द सुनावले असते. पण स्वतःचा अंगठा त्यांनी मुठीत दडवला. पोर डाव्या हातानं धरली, उजवा हात चादरीखाली ठेवला. असे तीन दिवस काढले.

चौथ्या दिवशी सिस्टरनं चादर नीट करायला म्हणून हात उचलला आणि बघतच राहिली. मग गळ्याखालचे ओरखडेही पाहिले, त्यातले दोन ओले होते. आवाज न चढवता तिनं पोर काढून घेतली, यंत्राखाली आणखी एका बाळाशेजारी ठेवली, आणि मावशींना बाहेर नेलं.

मावशींनी हातमोजे घालते म्हणून विनवलं. सिस्टर म्हणाली, छातीला काय घालाल? फुटलेल्या कातडीत जंतू घर करतात, आपल्याला नुसता ठणका लागतो, या बाळांचा जीव जातो. कातडी मिटेपर्यंत आत यायचं नाही. पाचसहा दिवस, नीट वागलात तर. आणि नीट वागणं म्हणजे काय तेही तिनं सांगितलं. अंगठा आजच डॉक्टरला दाखवायचा. पाणी कोमट, साबण थोडा, पुसायचं ते टिपून, घासून नाही. हात जरा ओलसर असतानाच घट्ट मलम लावायचं, म्हणजे आतला ओलावा आत राहतो. ओठांवर तेच, जीभ लावायची नाही. झोपताना मलमावर सुती मोजे. आणि पाणी प्यायचं, एका दमात लोटा नाही, घोट घोट, दिवसभर. नुसत्या पाण्यानं भेग भरत नाही, पण आत इतका कोरडेपणा असेल तर माणूसच टिकत नाही, मग कातडीचं काय घेऊन बसलात?

मावशी म्हणाल्या की मलमात तेल असतं, आणि दिवसा पाणी तर नाहीच. मोडलं तर पोर जाईल.

सिस्टर दमली होती, तरी ती खाली बाकावर बसली. "मावशी, तुमचा उपास तिला कळत नाही. तुमची छाती कळते."

मावशींनी एक दिवस आणखी रेटला. अंगठा कापून घेतला, गोळ्या सूर्य मावळल्यावर गिळल्या, मलमाला हात लावला नाही. काचेतून पोर दिसत होती. दोन दिवसांत तिचं वजन चाळीस ग्रॅम उतरलं. इकडे आड तिकडे विहीर. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन खिडकीत असताना, मावशींनी सिस्टरच्या टेबलावरचा पेला उचलला आणि एक घोट घेतला. अर्धं पाणी पदरावर सांडलं. मग दुसरा घोट. मग मलम. चोरी केल्यासारखं तोंड झालं होतं त्यांचं.

त्यानंतर बाई उपासाइतक्याच हट्टानं बरी व्हायला लागली. तासातासाला दोन घोट. दुपारी वेळेवर डबा. रात्री वॉर्डातली आया सोबत यायची म्हणून खालच्या संडासाची भीती नाही, म्हणून रात्रीही पाणी. हातात मोजे घालून झोपल्यावर व्हरांड्यात शेजारी झोपणारी बाई म्हणाली, मावशी, लग्नाला निघालात की काय? मावशी हसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भेगांच्या कडा मऊ झाल्या, छातीवरच्या खपल्या सुटल्या. पाचव्या दिवशी अंगठ्याला कोवळी गुलाबी कातडी आली. सहाव्या दिवशी सकाळी त्या हात धुऊन, टिपून, दाखवायला दारात उभ्या राहिल्या.

सिस्टरनं हातांकडे पाहिलंच नाही. पहाटेपासून पोरीनं दूध पचवलं नव्हतं. अंग गार, रंग राखेसारखा, श्वास मध्येच थांबत होता. रक्तात जंतू गेले होते. औषधं चालू केली होती, पण इतक्या लहान जिवात औषधाला जागा किती.

मावशींनी आपला अंगठा पुढे केला. "इथून गेले का?"

सिस्टरनं खोटं सांगितलं नाही. "सांगता येत नाही. नळीतूनही जातात. शेजारच्या बाळाकडूनही. तुमच्याकडूनही गेले असतील."

दुपारी डॉक्टरनं मान हलवली तेव्हा सिस्टरनं मावशींना आत बोलावलं, पोलक्याची बटणं काढायला सांगितली आणि पोर नळ्यांसकट छातीवर ठेवली. या वेळी मूठ कुठं टेकली नाही. मावशींनी दोन्ही हातांनी धरली, पाठीवर एक आणि डोक्यामागे एक, अडीचशे पोरं धरली तशी. तासाभरानं ती ऊब फक्त मावशींचीच उरली. तरी सिस्टर म्हणेपर्यंत त्यांनी सोडली नाही.

लेक शुद्धीवर आली आठवड्यानं. तिला घरी आणल्यावर मावशींनी फडताळातून बाटली काढली, आणि रोज तिचे पाय चेपायला लागल्या. लेकीचीही कातडी आजारपणात कोरडी ठक्क पडली होती. पोर गेल्याचं तिला इस्पितळातच सांगितलं होतं. पंधरा दिवसांनी एकदा दुपारी छताकडे बघत तिनं विचारलं, तिचं अंग कसं होतं?

"पातळ," मावशी म्हणाल्या. "खालची शीर दिसायची. पाठीवर बारीक लव होती, तुला होती तशी. मूठ इथं ठेवायची माझ्या."

आणि बोलायला लागलेच आहे तर सगळंच, असं वाटून त्यांनी उपास सांगितला, भेगा सांगितल्या, अंगठा सांगितला. पहिला पिवळा थेंब दिसल्यावर तीन दिवस मुठीत दडवला, तेही सांगितलं. हे कुणी त्यांना विचारलं नव्हतं. सिस्टरशिवाय कुणाला माहीतही नव्हतं.

"का दडवलास?"

"तिला खाली ठेववेना गं."

लेकीनं तोंड भिंतीकडे वळवलं. पाय मात्र काढून घेतले नाहीत. मावशींनी आणखी थोडं तेल हातावर घेतलं आणि टाचांना लावत राहिल्या.