गॅझेटातलं जुनं नाव

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. ते सासूबाईंनी ठरवलं होतं. मला कुणी विचारलंही नाही. तेवढ्यावर थांबले असते तर मी सोसलं असतं. पण सासरे सरकारी कचेरीतले, कागदाचे पक्के. माझी सही घेऊन त्यांनी नवं नाव गॅझेटात छापून घेतलं आणि आधार, पॅन, बँक, सगळीकडे तेच चढवलं.

यंदा मी माझं नाव परत घेतलं. नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं, पुन्हा गॅझेटात छापून घेतलं. त्याची प्रत घेऊन आधार केंद्र, पॅन, बँक आणि भेस्तानच्या ज्या शाळेत शिकवते तिथलं सर्व्हिस बुक, सगळं बदललं. उरलं रेशनकार्ड. ते सासूबाईंच्या कपाटात.

"या नावाची कुणी आमच्या घरात आलीच नाही," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी कौतुकाने लॅमिनेट करून ठेवलेलं पहिलं गॅझेट मी सासूबाईंपुढे आपटलं. त्यात माझं जुनं नाव ठळक छापलेलं होतं.

"आली होती. तिला कधी पुसलंत, त्याची तारीखसुद्धा तुम्हीच छापून घेतलीय. आता रेशनकार्ड काढा."