हुकवर कट नाही

"उद्या मॉडेल आणतोय. हिचा फक्त आवाज ठेवू," कुणाल सर माझ्या कानाशी म्हणाले. आमचे निर्माते. आम्ही सांडोरच्या केळीच्या वाडीत उभे होतो आणि समोर प्रज्ञा, आमची गायिका, हळदी रंगाच्या साडीत खांबासारखी ताठ. वाडी तिच्याच घरची. पोरगी व्हिडिओत दिसणार म्हणून आईने अख्ख्या आळीला सांगून ठेवलेलं.

"सर, पाचूबंदरचा शॉट होऊ द्या. मग बोला."

"संध्याकाळपर्यंत. बस."

मी म्युझिक व्हिडिओ दिग्दर्शित करते आणि एडिटही स्वतःच करते. शूटआधी आम्ही ट्रीटमेंट लिहितो. कुठल्या ओळीला कुठली जागा, कुठला ड्रेस आणि किती ठोक्यांनी कट, हे सगळं त्यात ठरतं. हे प्रेमाचं पॉप गाणं मिनिटाला शहाण्णव ठोक्यांचं. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर एका ठोक्याला बरोब्बर पंधरा फ्रेम बसतात. एडिटरला असा हिशेब मिळाला की पेढे वाटावेसे वाटतात!

मुखडा सांडोरला. तिथे सगळं हिरवं, म्हणून पिवळी साडी. स्टायलिस्टने पोपटी आणली होती, ती मी परत पाठवली, नाहीतर पोरगी केळीच्या पानांत हरवली असती. इथे कट निवांत, आठ ठोक्यांनी एक. अंतरा आगाशीच्या बाजारात. तिथे दुकानांनीच रंग उधळलेले, म्हणून पांढरा कुर्ता. कट चार ठोक्यांनी, मग दोन. शेवटी हुक, म्हणजे लोकांच्या तोंडी बसते ती ओळ. ती पाचूबंदरच्या धक्क्यावर, लाल ओढणी वाऱ्यावर, प्रत्येक ठोक्याला कट.

कागदावर झकास. पण प्रज्ञा कॅमेऱ्यासमोर ओठ हलवायची आणि चेहरा जागचा हलायचा नाही. आगाशीतही तेच.

"ताई, मला गायला सांगा ना! हे नुसतं तोंड हलवणं नको," ती रडवेली झाली.

"अगं, मग गा की खरंच. कोण अडवतंय?"

गायली. तरी ताठच.

पाचूबंदरला पोचलो तर मासळीचा लिलाव नुकताच उरकलेला. बायका टोपल्या आवरत होत्या, त्या शूटिंग बघायला थांबल्या. आता हुकचा शॉट स्लो-मोशन होता आणि त्याची एक गंमत असते. चित्र निम्म्या वेगाने दाखवायचं तर ओठही निम्म्या वेगाने हलणार आणि गाण्याशी जुळणार नाहीत. म्हणून सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, कलाकार त्याच घाईत गातो आणि कॅमेरा सेकंदाला अठ्ठेचाळीस फ्रेम घेतो. पडद्यावर सगळं शांत, जुळलेलं दिसतं. प्रज्ञाला हे समजावलं होतं, पण ऐकवलं नव्हतं.

"प्लेबॅक!"

स्पीकरमधून तिचाच गोड आवाज चिरक्या पिपाणीसारखा सुटला. टोपलीवाली एक मावशी ओरडली, "अगो बाय, ह्या गान्याच्या पाठी कुत्रा लागलाय का?"

सगळा धक्का हसला. प्रज्ञाने क्षणभर हसू आवरलं आणि मग फुटलीच. मान मागे, ओढणी तोंडावर, डोळ्यांत पाणी. एकही शब्द ओठांवर नाही. कॅमेरामनने माझ्याकडे बघितलं. मी हातानेच सांगितलं, चालू ठेव!

"लिपसिंक कुठंय?" कुणाल सर तडकले. "शॉट वाया!"

"सर, मला लॅपटॉप उघडू द्या."

तिथेच, टेम्पोच्या हौद्यावर बसून जुळवाजुळव केली. ओठ जुळवायचेच नव्हते, त्यामुळे तो शॉट गाण्याखाली हवा तसा पुढेमागे सरकवता येत होता. तिचं हसू फुटतं ती फ्रेम नेमकी हुकच्या पहिल्या ठोक्यावर ठेवली. त्याआधी आगाशीचे कट चार ठोक्यांवरून दोनवर, दोनवरून एकावर आणले. डोळ्याला धाप लागते तोच हुक येतो, आणि कटच नाही! सोळा ठोके, दहा सेकंद, नुसती हसणारी प्रज्ञा. ट्रीटमेंटमध्ये लिहिलं होतं त्याच्या बरोब्बर उलट.

कुणाल सरांनी बघितलं.

"परत लाव."

लावलं. मागून मावशीही वाकून बघत होती.

"अजून एकदा," सर म्हणाले. मग फोन काढून बाजूला गेले. "हां, उद्या नको. मॉडेल कॅन्सल. आमची मुलगी आहे ना!"

आमची मुलगी! प्रज्ञाने मला अशी मिठी मारली की लॅपटॉप खाली जाता जाता वाचला. मला तर नाचावंसं वाटत होतं, आणि मी नाचलेही थोडी. सांडोरला राहिलेले मुखड्याचे शॉट दुसऱ्या दिवशी घेतले. एकदा स्वतःवर हसून झाल्यावर ती वाडीत अशी फिरली की कॅमेरामनलाच मागे धावावं लागलं.

आता कुणाल सर प्रत्येक ट्रीटमेंटमध्ये मागतात, "हुकला तसंच हसू टाक." मी टाकते. कागदावर अगदी छान दिसतं. सेटवर मुद्दाम हसवलेलं माणूस मात्र दहा सेकंद टिकत नाही, आणि मग मी गुपचूप प्रत्येक ठोक्याला कट मारते.