एकाआड एक पट्टे

शेतकरी गटाच्या सोयाबीनचा ड्रोनमधून काढलेला फोटो आला. गटात पदवीधर मी एकटाच, म्हणून अहवाल माझ्याकडे. फिके पट्टे सरळ होते. रोग असा रेघा मारून पसरत नाही. शेतात पाहिलं, तर त्या पट्ट्यांतच अळीनं पानांची चाळण केली होती. तिथं फवारा पोहोचलाच नव्हता. फवारणी बाबांनी केली होती. जाताना आणि परतताना जिथं दोन्ही वेळा त्यांची डावी बाजू येत होती, तिथंच पट्टा होता.

मी फोटो दाखवला, तेव्हा बाबांनी फिक्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"डावा खांदा वळत नाही आता. सांगतलं असतं तं गटानं पंप काढून घेतला असता."

"मंग काय लिहू?"

"दिसते तेच लिह्य."

त्या पंपाच्या मजुरीवरच मी शिकलो होतो. बैठकीत मी दिसलं तसाच लिहिलेला अहवाल वाचला; फवारणी कोणाची हे सगळ्यांना माहीत होतं, तरी बाबांकडे कोणीच पाहिलं नाही.