बुधवारी मोकळा दिसलेला चॅनल

कर्जतच्या आमच्या इमारतीत आठवडाभर सामसूम असते. बहुतेक फ्लॅट मुंबईकरांचे. शुक्रवारी संध्याकाळी येतात, रविवारी रात्री मेन स्विच पाडून जातात. मी मात्र इथे बारमाही राहते आणि रविवारी सकाळी टॅबलेटवर गाणं शिकवते. शिष्या एकेक करून गळाल्या होत्या. उरली होती एकच, अमेरिकेतली. माझी तान तिच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोचायची. ती गेली असती, तर माझं शिकवणंच संपलं असतं.

केबलवाल्याला बोलावलं, तो बुधवारी उगवला. त्यानं मोबाइलवर आसपासची सगळी वाय-फाय नेटवर्कं काढून दाखवली. शेजारचे डॉक्टर आणि खालचं दुकान सहा नंबरच्या चॅनलवर, माझा जुना राउटरही तिथेच, म्हणून एकमेकांच्या लहरी अडत होत्या. अकरावर समोरच्या इमारतीतलं एक.

"ताई, एक नंबर पार मोकळा हाय. तिथंच कायमचा बसवतो."

"आणि तीन? तोही रिकामाच दिसतोय की."

"तो नको. मधला नंबर एक न् सहा, दोन्हीकडं घासतो."

त्यानं एक नंबर लावला. गुरुवारी बहिणीशी व्हिडिओवर पोटभर गप्पा मारल्या, एकदाही अडकलं नाही. मी खूश.

रविवारी पहिल्याच आलापाला आवाज तुटला. मी तणतणत केबलवाल्याला फोन केला. त्यानं नेटवर्कं दाखवणारं ते ॲप माझ्या मोबाइलवर घ्यायला लावलं. बघते तर एक नंबरवर नुसती झुंबड! मुंबईकरांचे राउटर चालू होताना आपणहून आजूबाजूला बघतात, गर्दी कमी असेल तिथे बसतात. त्यांनाही एक नंबरच मोकळा दिसला होता. आणि आम्ही शहाण्यांनी इमारत रिकामी असताना शेजारी मोजले होते. इतका राग आला स्वतःचा!

सगळ्यात जोरदार नेटवर्क वरच्या मजल्यावरचं होतं. जिना चढून गेले, त्या गृहस्थांना म्हटलं, "तुमचा राउटर तेवढा दुसऱ्या चॅनलवर घ्याल का?"

"अहो काकू, आम्ही दोनच दिवस येतो. तेवढे तरी निवांत जाऊ द्या की," ते हसून म्हणाले आणि त्यांनी दार लावलं. ते हसणं मला अजून सलतं. आमचे पाच दिवस जणू मोजायचेच नसतात.

पुढच्या रविवारी वर्गाआधी मीच स्कॅन केलं. अकरावर समोरच्या इमारतीतलं तेवढं एकच, तेही क्षीण. केबलवाल्याला फोनवर विचारत विचारत राउटर अकरावर घेतला.

अख्खा आलाप झाला, कुठे खंड नाही. माझे डोळे भरून आले.

"बाई, आज किती स्वच्छ ऐकू येतंय," शिष्या म्हणाली. मग सांगू लागली, "मागचे कितीतरी रविवार सांगायचं होतं, पण तुटक्या आवाजात कसं सांगणार? मी इथेच एकांकडे शिकायला लागलेय. आजचा आपला शेवटचा वर्ग."

"छान झालं," मी म्हटलं.

तिनं सोडलेला सुटकेचा श्वाससुद्धा मला स्पष्ट ऐकू आला.