अकराव्या पानावरची भिंत

गेल्या वर्षी मी आणि माझ्या ऑफिसातली मुलगी, दोघांनी एकाच संस्थेत वास्तुकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज केला. दोघांच्या पोर्टफोलिओत एक इमारत तीच होती. तिला जागा मिळाली, मला नाही. हे नांदेडात सगळ्यांना माहीत झालं आहे, तर निदान कसं झालं ते माझ्याकडून कळू द्या.

मी जळकोट तालुक्यातला. दहावीनंतर डिप्लोमा केला आणि लातूरला एका मोठ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगच्या टेबलावर बसलो. आठ वर्षं बसलो. त्या काळात लातुरात उभ्या राहिलेल्या बऱ्याच जिन्यांचे हिशोब माझ्या हातचे आहेत. पुढे नोकरी सांभाळत बी.आर्क.चा विचार केला तेव्हा साहेबांकडे अनुभवाचं पत्र मागितलं. त्यांनी लिहून दिलं, 'यांनी ड्रॉइंगला मदत केली.' मी म्हणालो, "साहेब, सगळी ड्रॉइंगं मीच तर काढलीत." ते हसले आणि म्हणाले, "हात तुझा होता रे, डोकं कुणाचं होतं?" त्या दिवशी मी टेबलावरची पट्टी फेकली आणि बाहेर पडलो. पट्टी साहेबांना लागली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

नंतर पदवी घेतली, नांदेडात ऑफिस टाकलं. विटा, वाळू, सेंट्रिंग, कशाचाही पहिला भाव मी आयुष्यात मान्य केलेला नाही. माझ्या ऑफिसातली ती मुलगी किनवटकडची. स्वतः वसतिगृहात राहून शिकलेली, बी.आर्क. झालेली. बोलायला कमी, पण एकदा बोलली की तुमचं काम वाढलं म्हणून समजा.

ती इमारत म्हणजे इस्लापूरच्या बाजूला बांधलेलं मुलींचं सरकारी वसतिगृह. पश्चिमेला लांब व्हरांडा आणि त्याला मी विटांची जाळी दिली होती, म्हणजे मधे मधे भोकं सोडून रचलेली भिंत. वारा यावा, ऊन मोडावं म्हणून. दिवसा बाहेरून पाहिलं तर आतलं काही दिसायचं नाही. मी स्वतः रस्त्यावर उभं राहून खात्री केली होती. दुपारी.

मुली राहायला आल्यावर महिन्याभरात ऑफिसातली ती मुलगी साइटवर गेली आणि परत येऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"सर, पोरींनी भोकात कागद कोंबलेत."

"कशाला? घाण करायला?"

"वह्यांची पानं चुरगाळून कोंबलीत. खालच्या सगळ्या रांगा भरल्यात. वॉर्डन बाई म्हणतात, काढले की दुसऱ्या दिवशी परत कोंबतेत."

"मग बाईंना सांग, शिस्त लावा म्हणावं."

ती हलली नाही. "सर, तुम्ही कधी दिवे लागल्यावर बघितलंय का?"

मला राग आला. राग आला कारण उत्तर 'नाही' होतं. दिवसा बाहेर उजेड आणि आत अंधार, म्हणून जाळीतून आतलं दिसत नाही. दिवे लागले की हे उलटं होतं. आत उजेड, बाहेर अंधार, आणि समोरून जाणारा रस्ता, त्याच्यापलीकडे रेल्वेचे रूळ. पहिल्या वर्षाचा पोरगाही हे सांगेल. मी सांगू शकलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आणि मिस्त्री तिथं गेलो. दिवे लागायच्या वेळेला मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. ती व्हरांड्यात उभी. वॉर्डन बाईंनी बल्ब लावला.

"दिसतंय का सर?"

"दिसतंय. ओढणीचा रंगसुद्धा दिसतोय."

मिस्त्रीनं खालून एक एक रांग विटांनी बंद करत नेली, सिमेंट न लावता नुसत्या कोरड्या ठेवून. प्रत्येक रांगेला मी ओरडायचो. "दिसतंय! अजून!" मग मी रुळाच्या भरावावर चढलो, कारण तिथून नजर उंच होते. पुन्हा ओरडणं. आतून मुली हसत होत्या. एक जण म्हणाली, "बाई, ते सर कशाला बोंबलून राहिलेत?" वॉर्डन बाई म्हणाल्या, "तुमचीच भिंत मापून राहिलेत, गप बसा." शेवटी काहीच दिसेना तेव्हा तिनं आतून खडूनं रेघ मारली. तिच्या डोक्याच्या थोडी वर.

रेघेच्या खाली भिंत पूर्ण बंद करायची, तर बाहेरून ती ठिगळासारखी दिसली असती. मिस्त्री म्हणाला, "सायेब, अद्धी वीट आतल्या अंगाला लावतो. भायेरून दोन बोटं खोल ऱ्हाईल. सावली तशीच पडती, कुणाला कळत न्हाई." वरच्या रांगा उघड्या राहिल्या, त्यातून गरम हवा जाते. खाली वारा यावा म्हणून जमिनीलगतची एक रांग आम्ही उघडी सोडली, तिथून फार तर पावलं दिसतात. मग चार दिवस मी खात्याच्या इंजिनिअरशी भांडलो, तेव्हा कुठं त्यानं बदलाला सही दिली. हे भांडण मात्र पूर्ण माझं होतं.

फोटोत ती भिंत फार देखणी दिसते. बाहेरून सगळी जाळी एकसारखी. खालची भोकं बंद आहेत हे फोटोत कळतच नाही.

आता अर्जाचं. संस्थेनं पोर्टफोलिओची वीस पानं आणि सोबत सहाशे शब्दांचं निवेदन मागितलं होतं. निवेदनाच्या सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की चित्रात जे दिसतं ते पुन्हा सांगू नका. कसं ठरवलं, काय बदललं आणि का, ते सांगा. मी ती सूचना वाचली. वाचली आणि मला वाटलं, ही लिहायची पद्धत असते, टेंडरच्या अटींसारखी. मनापासून कुणी चुका मागत नसतो.

तीच भिंत माझ्या पोर्टफोलिओत अकराव्या पानावर होती. तिच्याबद्दल मी लिहिलं की विटांच्या जाळीतून ऊन आणि सावली यांचा खेळ व्हरांड्यात उतरतो आणि मराठवाड्याच्या उन्हाला ही भिंत सौम्य करते. तीन संध्याकाळी घालून लिहिलं. इंग्रजीत चांगलं वाटत होतं. कागदाचे बोळे, दिवे, रूळ, खडू, यातलं एक अक्षर नाही. विकायला काढलेल्या म्हशीचा दुखरा खूर मी गिऱ्हाइकाला का दाखवू?

त्याच आठवड्यात ती पत्र मागायला आली. ऑफिसचं काम पोर्टफोलिओत घालायचं तर तुमची भूमिका काय होती ते मालकाच्या सहीनं द्यावं लागतं.

"तू पण अर्ज भरून राहिलीस?"

"हाव सर. बघते एकदा."

"काय लिहायचं?"

"जाळीतला बदल मी सुचवला, एवढं लिहिलं तरी चालेल."

मी खुर्ची मागे घेतली. भाव ठरवायची गोष्ट आली की मी खुर्ची मागे घेतो. "सुचवला म्हणजे? कागद पोरींनी कोंबले. वीट मिस्त्रीनं सांगितली. रस्त्यावर बोंबलत मी उभा होतो. सही मी आणली. तू काय केलंस, रेघ मारली!"

"सर, मग रेघ मारली असं लिहा."

"नको. 'ड्रॉइंगला मदत केली.' एवढं बास."

ती म्हणाली, "बरं." पत्र टाइप करून मीच सही केली. शब्द माझ्या तोंडात कुठून आले ते मला सही करतानासुद्धा आठवलं नाही. रात्री जेवताना आठवलं. पण पत्र गेलं होतं.

जाण्याआधी ती म्हणाली, "सर, माझं निवेदन पाठवलंय तुम्हाला. एकदा वाचा. काही चूक असेल तर काढते."

"मी काय तुझा मास्तर आहे का?"

मी उघडलं नाही. ते फोनमध्ये तसंच पडून राहिलं.

मुलाखत ऑनलाइन होती. मी ऑफिसात इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. समोर तीन जण. दोघं बोलले, तिसऱ्या बाई पानं उलटत होत्या. अकराव्या पानाशी आल्या आणि थांबल्या.

"तुमच्या फोटोत जाळी खालपासून वरपर्यंत आहे. आतल्या फोटोत मात्र जमिनीलगतची एक रांग सोडली तर उजेडाचे ठिपके फक्त वरच्या भागातून पडलेत. असं का?"

हा सरळ प्रश्न होता. मला वाटलं, पकडायला बघतायत. मी म्हणालो, "तो रचनेचा भाग आहे, मॅडम. खाली घनता, वर हलकेपणा."

"मूळ डिझाइनमध्येच तसं होतं?"

"हो. पहिल्यापासून."

त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. मी जिंकलो असं मला वाटलं. लोक भाव मान्य करताना अशीच मान हलवतात.

यादी लागली. तिचं नाव होतं, माझं नव्हतं. त्या संध्याकाळी मी ऑफिसचं दार लावून तिचं निवेदन उघडलं.

अर्ध्याहून जास्त त्या भिंतीवर होतं. पहिलंच वाक्य असं होतं की या भिंतीची जाळी माझी नाही. मी ज्या ऑफिसात काम करते तिथल्या आर्किटेक्टची आहे आणि ती दिवसा बरोबर होती. पुढे कागदाचे बोळे. कोणत्या रांगेपर्यंत कोंबले होते तेही तिनं मोजून लिहिलं होतं. मग लिहिलं होतं की सर स्वतः रस्त्यावर आणि रुळाच्या भरावावर उभे राहिले, प्रत्येक रांगेला आवाज दिला, आणि मी आतून खडूनं रेघ मारली. अद्धी वीट मिस्त्रीची कल्पना. बदलाची मंजुरी सरांनी भांडून आणली. फोटोत यातलं काही दिसत नाही, म्हणून लिहीत आहे. माझा वाटा एवढाच की मी वसतिगृहात राहिले आहे आणि दिवे लागल्यावर आम्हीही कागद कोंबायचो, हे मला आठवत होतं.

म्हणजे मुलाखतीतल्या त्या बाईंच्या हातात हे आधीच होतं. त्यांनी मला विचारलं तेव्हा त्यांना उत्तर माहीत होतं. त्या मला दार उघडून देत होत्या आणि मी ते आतून कडी लावून बंद केलं. मी त्यांच्यावर चिडलो. सरळ सांगायचं ना, की आम्ही वाचलंय! मग तिच्यावर चिडलो, की माझी चूक चारचौघांत मांडली. ती तर तिनं मला आधी पाठवून मांडली होती, हे आठवल्यावर चिडायला कुणी उरलं नाही, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

आठवड्यानं ती पेढे घेऊन आली. प्रवेशाच्या कागदांत पुन्हा एक पत्र लागत होतं, कामाच्या अनुभवाचं.

"सर, आधीचंच चालेल. तारीख बदलून द्या."

मी लेटरहेड काढलं. तेवढ्यात ती पेढ्याचा कागद उघडून म्हणाली, "घ्या की सर. कडू न्हाईत."

"ठेव तिकडं."

मी लिहिलं की जाळीतला दोष हिने ओळखला आणि बदल हिने सुचवला. मिस्त्रीचंही नाव घातलं, का कुणास ठाऊक. तिनं वाचलं, आणि वर पाहिलं तर मी मोबाइलवर वाळूवाल्याशी बोलत होतो. म्हणजे फोन कानाला लावला होता, पलीकडे कुणी नव्हतं. ती पाया पडून गेली.

या वर्षी पुन्हा अर्ज करायचा आहे. वयाची अट नाही. निवेदनाला बसलो की अकराव्या पानाशी अडकतो. जे लिहायला पाहिजे ते सगळं खरं आहे आणि सगळं माझ्याबाबतीत घडलेलं आहे. पण ते तिनं आधी लिहिलं आहे आणि ते त्या बाईंनी वाचलं आहे. आता मी तेच लिहिलं, तर ते तिच्याकडून उतरवून घेतल्यासारखं दिसेल.