आधी विचारायचा प्रश्न

अनंत निंबकर मिरजेत म्युच्युअल फंडाचे फॉर्म भरून द्यायचा. माणूस सरळ, पण एकदा बोलायला लागला की थांबायचा नाही. त्यातून शब्दाचा पक्का, म्हणून लोक त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचे. त्या विश्वासानेच त्याचा घात केला म्हणा ना!

एसटी डेपोतले मेकॅनिक यशवंत लोकरे जानेवारी दोन हजार सातपासून त्याच्यामार्फत एका फंडात महिन्याला तीन हजार भरत होते. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात बाजार आपटला आणि ते हातात टोपी घेऊन दारात उभे.

"अनंतराव, बंद करा ते. सगळं बुडायला लागलंय."

"लोकरेमामा, बसा आधी. यंदाच्या जानेवारीत युनिटचा भाव चाळीस होता, तीन हजारांत पंच्याहत्तर युनिट आली. आता भाव वीस, तेवढ्याच पैशांत दीडशे. दोन महिन्यांची मिळून सव्वादोनशे. भावांची सरासरी तीस, पण तुम्हाला एकेक पडलं सव्वीस रुपये सदुसष्ट पैशांना. का? स्वस्तात जास्त घेतलीत म्हणून. आणि आत्ताच थांबताय होय!"

मामांनी डोकं खाजवलं आणि हसले. "तुमच्या तोंडाला कोण लागणार? चालू द्या."

हिशेब चोख होता. घरी कुणी आजारी आहे का, अडीअडचणीला बँकेत काही शिल्लक आहे का, हे मात्र अनंताने विचारलंच नाही.

पुढच्याच महिन्यात मामींच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली. डॉक्टरांनी आठवडा दिला. सगळी युनिट विकली. बावीस महिन्यांत सहासष्ट हजार भरले होते, हातात आले बेचाळीस हजार. भावाची सरासरी काढून स्वस्त घेतलेलं असलं, तरी विकायच्या दिवशीचा भाव त्याहूनही खाली गेला होता. उरलेल्या पैशांसाठी मामींच्या पाटल्या मोडल्या. ऑपरेशन झालं, मामी वाचल्या. नशीबच म्हणायचं!

अनंत दवाखान्यात गेला.

"तुम्ही खोटं बोलला नाहीत," मामा शांतपणे म्हणाले. "पाचदहा वर्षं थांबलो असतो तर कदाचित वरही आलो असतो. पण हिला कुठं थांबता येत होतं?"

मामांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या रात्री अनंताला जेवण गेलं नाही, आणि पुढे कित्येक दिवस तो फॉर्म उघडूनही बसला नाही.

जानेवारीत बाजारपेठेतला एक कापडवाला कोरा फॉर्म घेऊन घाईघाईने आला. "दोन हजारांचा हप्ता सुरू करायचाय. लिहा फॉर्म."

"घरात कुणी आजारी?"

"आँ?"

"सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला ठेवलाय का?"

"नाही. अहो, तुम्ही एजंट की डॉक्टर?"

अनंताने फॉर्म मिटला आणि परत त्याच्या हातात दिला. "आधी ते जमवा. मग या."

कापडवाला चिडून निघून गेला, आणि समोरच्या दुसऱ्या एजंटाकडे जाऊन फॉर्म भरून आला.