यादीतून निघालेलं उत्तर

कोलार रोडला राहणाऱ्या मंदाकिनी परांजपे एका शाळेत जीवशास्त्र शिकवत आणि पन्नाशीत पीएचडी करत होत्या. प्रश्न होता, लोहाच्या गोळ्या शिक्षकांसमोर गिळायला लावल्या तर मुलींचा रक्तक्षय जास्त कमी होतो का? चार वर्षांत त्यांनी सहाशे मुलींचं रक्त तपासून घेतलं होतं.

त्यांचे मार्गदर्शक डॉ. परीक्षित शितोळे वयाने लहान होते. प्रबंधातलं पूर्वसंशोधनाचं प्रकरण परत करत ते म्हणाले, "ताई, ही यादी झाली. अमक्याने हे म्हटलं, तमक्याने ते. सगळे मिळून काय सांगतात ते लिहा."

मंदाकिनीताईंनी अभ्यासकांची नावं मागे टाकली आणि प्रत्येक परिच्छेदाला एकेक विधान दिलं. पहिलं : निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. दुसरं : गोळ्या घरी दिल्या, तिथे फरक पडला नाही. तिसरं : समोर गिळायला लावल्या, तिथे रक्त वाढलं. आधार म्हणून त्यांनी अकरा अभ्यास त्याखाली लावले, त्यांतले काही त्यांच्याच राज्यातले. चौथ्या परिच्छेदात 'म्हणून हे संशोधन हवं' असं लिहायचं होतं. त्यांचा हात थांबला. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या परिच्छेदातच होतं.

त्यांनी ते तीन परिच्छेद सरांपुढे ठेवले.

"छान. आता युक्तिवाद दिसतो," सर म्हणाले.

"सर, मग माझं काम?"

"नवीन काहीच नाही त्यात. तुम्ही पहिल्या वर्षी दिलेली संदर्भांची यादी वाचली तेव्हाच लक्षात आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही स्वतः वाचलं असेल असं वाटलं, ताई."

सरांनी पुढच्या विद्यार्थ्याला आत बोलावलं.